खोक्यावरचा ससा

ताईचा फोन आला तेव्हा सोमवारचे साडेसहा वाजले होते. आवाज नेहमीचाच, पण पहिलं वाक्य होतं, "अगं, मला उजवा डोळा उघडता येत नाहीये." मी कोथरूडला तिच्या घरी पोचले तोवर डावाही अर्धा मिटला होता. कानांच्या मागे, मानेवर, कपाळावर जिथे केस सुरू होतात त्या कडेनं लालबुंद पट्टा होता आणि त्यातून पाणी झिरपत होतं. गंमत म्हणजे टाळू तुलनेनं बरी होती. शनिवारी दुपारी तिनं केस रंगवले होते. रविवारी दिवसभर काही नाही, रात्री कानामागे खाज, आणि सकाळी हे.

बाथरूमच्या कचऱ्याच्या डब्यात रंगाचं खोकं होतं. फिकट हिरवं, वर पानाचं चित्र, पानाखाली एक ससा. 'व्हीगन' आणि 'क्रुएल्टी-फ्री' हे दोन शब्द रंगाच्या नावापेक्षा मोठे. खोकं दिवाळीत मनवानं, म्हणजे माझ्या भाचीनं, आईसाठी आणलेलं. मनवा तीन वर्षांपासून व्हीगन आहे, चहासुद्धा ओटच्या दुधाचा घेते. ती कोपऱ्यात उभी राहून रडकुंडीला आली होती. "मावशी, मी मुद्दाम चांगलं बघून आणलं होतं गं. सगळं व्हीगन होतं."

ते होतंच व्हीगन. लेबल खोटं बोलत नव्हतं.

हे मी जरा खात्रीनं सांगू शकते, कारण भोसरीकडच्या एका प्रसाधनांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात मी बावीस वर्षं काढली आहेत. केसांचे रंग, शाम्पू, कंडिशनर. खोक्यावर काय छापायचं याच्या मंजुरीवर माझी सही असायची. त्यामुळे त्या दिवशी डॉक्टरकडे निघताना मी ते खोकंही पर्समध्ये टाकलं.

आधी व्हीगन या शब्दाचं बघू. प्रसाधनांच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच, की आत प्राण्यापासून आलेला घटक नाही. केसांच्या रंगात असे घटक कुठे असतात, असं लोक विचारतात. रंग स्वतः सहसा प्राण्यापासून येत नाही. प्राणी शिरतो तो रंगाला धरून ठेवणाऱ्या क्रीममध्ये आणि केस मऊ व्हावेत म्हणून घातलेल्या चिमूटभर गोष्टींत. केराटिन लोकरीपासून, पिसांपासून किंवा शिंगा-खुरांपासून काढतात. रेशमाचं प्रोटीन, दुधाचं प्रोटीन, मध, मधमाश्यांचं मेण, लोकरीची चरबी म्हणजे लॅनोलिन. यांची नावं यादीत सरळ दिसतात, ते सोपं आहे.

अवघड असतात ते सभ्य नावाचे घटक. ओलिक ॲसिड, स्टिअरिक ॲसिड, ग्लिसरीन. स्टिअरिक ॲसिड पामतेलातूनही येतं आणि जनावराच्या चरबीतूनही. दोन्हींचा रेणू एकच, त्यामुळे खोक्यावरचं नावही एकच. आमच्या प्रयोगशाळेत ड्रममधला पांढरा चुरा तपासला तर वितळणबिंदू कळायचा, शुद्धता कळायची, पण तो झाडावरून आला की गोठ्यातून, ते रोजच्या चाचण्यांत कळायचं नाही. ते कळायचं ड्रमसोबत आलेल्या एका कागदावरून. पुरवठादाराच्या लेटरहेडवर दोन ओळी असायच्या की हा माल वनस्पतिजन्य आहे, खाली शिक्का आणि सही. व्हीगन शब्दाचा पाया हा कागद. तो बहुतेक वेळा खराच असतो, कारण पाम आणि नारळाचं तेल या धंद्यात इतकं रुळलंय की उगाच चरबीच्या मागे लागण्याचं कारण नसतं. तरीही पुरवठादार बदलला की नवा कागद मागवायचा असतो, आणि तो मागवायचा राहून जातो. एकदा आमच्याकडेही राहिला होता. कागद येईपर्यंत माल अडवून धरला, तर विक्री विभागातला एक जण म्हणाला, "मॅडम, ग्राहक काय ड्रम उघडून बघणार आहे का?" कागद सहा दिवसांनी आला. माल वनस्पतिजन्यच होता. पण त्या सहा दिवसांत ते खरंखोटं सांगू शकेल असं कारखान्यात कुणी नव्हतं.

सुगंध हे तर आणखी बंद दार. यादीत एकच शब्द, आत पंचवीस-तीस रसायनं. तिथेही पुन्हा कागदच. आणि ज्या टाकीत सकाळी केराटिनचा कंडिशनर झाला, तिथेच दुपारी व्हीगन रंगाचं क्रीम घोटलं जाऊ शकतं. मध्ये टाकी धुतात, चांगली धुतात. पण व्हीगन म्हणजे टाकी वेगळी, असा अर्थ कुणी मनात धरला असेल तर तो खोक्यावर कुठेही लिहिलेला नाही.

आपल्याकडे यात हिरव्या ठिपक्याचा घोळ वेगळाच. २०१४ मध्ये पॅकबंद वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि साबण, शाम्पू, टूथपेस्ट आणि इतर प्रसाधनांसाठीही खाण्याच्या पाकिटासारखा ठिपका आला. शाकाहारी मूळ असेल तर हिरवा, नसेल तर तांबडा किंवा तपकिरी. बायका तो बघून व्हीगन समजतात. पण शाकाहारात दूध बसतं, मध बसतो, मेण बसतं. मनवाच्या हिशेबात यातलं काहीच बसत नाही. खाण्याच्या पदार्थांसाठी २०२२ पासून आपल्याकडे व्हीगनचे वेगळे सरकारी नियम आणि चिन्ह आहे, पण ते अन्नापुरतंच. रंगाच्या खोक्यावर जे पान किंवा जो 'व्ही' दिसतो तो एक तर एखाद्या खासगी संस्थेचा असतो, नाहीतर कंपनीच्या चित्रकारानं काढलेला. ताईच्या खोक्यावरचा दुसऱ्या जातीचा होता. शेजारी संस्थेचं नाव नाही, क्रमांक नाही.

ससाही तसाच होता.

सशाची गोष्ट मला नेहमी जरा रेंगाळून सांगाविशी वाटते, कारण तो ससा केसांच्या रंगाचा जुना नातेवाईक आहे. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत लॅश ल्यूर नावाचा पापण्या रंगवायचा रंग निघाला. त्यात पॅरा-फिनिलिनडायअमाइन होतं. हे नाव पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून धंद्यातल्यासारखं पीपीडीच म्हणू. त्या रंगानं बायकांच्या डोळ्यांना जखमा झाल्या, काहींची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. तेव्हाच्या कायद्यात प्रसाधनांवर बोट ठेवायची सोयच नव्हती. अशा प्रकरणांच्या रेट्यानं १९३८ चा नवा कायदा आला आणि प्रसाधनं सरकारी देखरेखीखाली आली. मग सुरक्षितता मोजायची कशी, हा प्रश्न. तिथल्या सरकारी खात्यातल्या जॉन ड्रेझ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९४४ मध्ये एक पद्धत मांडली. सशाच्या डोळ्यात पदार्थ घालायचा आणि इजेला गुण द्यायचे. पुढची कित्येक दशकं जगभर तीच चालली. बायकांचे डोळे वाचवायला सशाचे डोळे वापरले गेले. आज खोक्यावर जो उडी मारतो तो हा ससा.

गंमत पुढेच आहे. त्याच १९३८ च्या कायद्यानं पीपीडीसारख्या, दगडी कोळशाच्या डांबरातून निघालेल्या केसांच्या रंगांना एक सवलत दिली. रंग बाजारात राहू द्या, पण त्यावर इशारा छापा, की यातल्या घटकांनी काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, आणि पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. आपल्या प्रसाधनांच्या नियमांत पीपीडी असलेल्या रंगांसाठी जो सक्तीचा मजकूर आहे तो जवळपास शब्दशः हाच. तो इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापायचा असतो. ताईच्या खोक्यावर तो होता, मराठीतसुद्धा. बाजूच्या घडीवर, बारीक अक्षरात, हिरव्यावर पांढरा.

आता क्रुएल्टी-फ्री. भारतात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून तशी चाचणी झालेली प्रसाधनं आयात करायलाही. म्हणजे भारतात बनलेल्या रंगावर 'प्राण्यांवर चाचणी केलेली नाही' असं लिहिणं हे दुकानदारानं 'आमच्याकडे चोरीचा माल मिळत नाही' अशी पाटी लावण्यासारखं आहे. खरं असेल. पण त्यात शेजारच्या दुकानापेक्षा वेगळं काय, हे कळत नाही.

वेगळं कळायचं असेल तर तीन गोष्टी विचाराव्या लागतात. कशाची चाचणी, कुणी केली, केव्हापासून नाही. नुसतं 'हे उत्पादन' म्हटलं असेल तर ट्यूबमधल्या तयार क्रीमची चाचणी झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आतल्या एकेका रसायनाबद्दल ते वाक्य गप्प आहे. 'आम्ही करत नाही' म्हटलं असेल, तर पुरवठादारानं किंवा बाहेरच्या प्रयोगशाळेनं केली असेल का, हे मोकळंच राहतं. आणि 'केव्हापासून' हा तर कळीचा मुद्दा. पीपीडी शंभरहून अधिक वर्षं केसांच्या रंगात आहे. ते कितपत सोसतं, कितीपर्यंत चालतं, याची माहिती गिनिपिग, उंदीर, ससे यांच्यावरच्या प्रयोगांतून जमा झालेली आहे. युरोपात डोक्यावर लागणाऱ्या मिश्रणात पीपीडी दोन टक्क्यांपर्यंतच चालतं. ही मर्यादा ठरवतानाही असले कागद समितीपुढे होतेच. तेव्हा चाचणीच्या इतिहासापासून मुक्त असा पीपीडीचा रंग कुठेच नाही. जो प्रामाणिकपणे म्हणतो तो एवढंच म्हणतो, की अमुक तारखेपासून आमच्यासाठी नवी चाचणी नाही.

लीपिंग बनी नावाचं जे क्रुएल्टी-फ्री प्रमाणपत्र आहे, त्यात नेमकी ही तारीख ठरवावी लागते, कच्च्या मालाचे पुरवठादारही त्यात येतात आणि बाहेरच्यांकडून तपासणी मान्य करावी लागते. पेटा या प्राणिहक्क संस्थेची यादी मुख्यतः कंपनीच्या लेखी हमीवर उभी असते. दोन्हींना नाव आणि यादी आहे, आपण तिथे जाऊन कंपनी शोधू शकतो. नुसत्या सशाला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेचं अन्न-औषध खातं तर उघड सांगतं की या शब्दांची कायद्यात व्याख्याच नाही.

केसांच्या रंगाला आणखी एक गाठ आहे, जी लिपस्टिकला नाही. चीननं २०२१ च्या मे महिन्यापासून साध्या आयात प्रसाधनांना काही अटींवर प्राण्यांवरच्या चाचणीतून सूट दिली. तेव्हा बऱ्याच जणांनी चीनचा प्रश्न मिटला असं जाहीर करून टाकलं. पण तिथे केसांचा रंग साध्या प्रसाधनांत मोडत नाही. तो 'विशेष' गटात येतो आणि त्याच्या नोंदणीला विषारीपणाच्या चाचण्यांची वेगळी, कडक वाट आहे. त्यामुळे एकाच कंपनीची पावडर आणि केसांचा रंग यांचं उत्तर वेगवेगळं असू शकतं. ससा मात्र दोन्ही खोक्यांवर एकच उडी मारतो. युरोपनं २०१३ मध्ये प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांच्या विक्रीवर पूर्ण बंदी घातली, पण तिथेही रसायनांचा कायदा वेगळा आहे. कारखान्यात रसायन हाताळणाऱ्या कामगारांची सुरक्षितता तो बघतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या जनरल कोर्टानं, केवळ प्रसाधनांतच लागणाऱ्या दोन सनस्क्रीन घटकांच्या बाबतीतही, त्या कायद्याखाली प्राण्यांवर चाचण्या मागता येतात असा निकाल दिला. मनवाला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. तिला वाटलं मी तिच्या व्हीगनपणाची थट्टा करतेय. तसं मुळीच नाही. मी ससे पाहिलेत, आमच्या कारखान्यात नाही, शिकत असताना. मानेशी अडकवलेले, ओळीनं. त्या ओळी कमी झाल्या त्या या चिडक्या, हट्टी लोकांमुळेच. आपल्या पुण्यात ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था १९७४ पासून हेच तर करत आलीय.

पण ताईचा डोळा.

डॉक्टरांनी मान, कान आणि पापण्या बघूनच विचारलं, "केस रंगवलेत?" पापण्यांना रंग लागलेला नव्हता, तरी त्याच सगळ्यात सुजल्या, कारण तिथली कातडी सगळ्यात पातळ. टाळूची जाड, म्हणून ती सुटली. त्यांनी गोळ्या आणि मलम दिलं आणि मला म्हणाले, खोकं आणलंत ते बरं केलंत. यादीत सातवं नाव पीपीडीचं.

पीपीडी दगडी कोळशाच्या डांबरातून आणि आता खनिज तेलातून निघणाऱ्या रसायनांपासून बनतं. त्यात कुठलाही प्राणी नाही. म्हणजे व्हीगन असायला त्याला काहीच करावं लागत नाही, जन्मतःच आहे. त्याचा रेणू लहान आणि बिनरंगी. ट्यूबमधला अमोनिया किंवा त्याच्या जागी घातलेलं इथेनॉलअमाइन केसाचे खवले उघडतं, पीपीडी आत शिरतं, डेव्हलपरमधलं पेरॉक्साइड त्याचं ऑक्सिडीकरण करतं, आणि आतल्या आत रेणूला रेणू जोडून मोठा, काळा रेणू तयार होतो. तो मग बाहेर पडू शकत नाही, म्हणून रंग टिकतो. केसात शिरू देणारा तोच लहानपणा त्याला त्वचेतही शिरू देतो. काहींच्या शरीराची संरक्षणव्यवस्था त्याची ओळख धरून ठेवते. पुढच्या वेळी तो दिसला की हल्ला, पण लगेच नाही. एक-दोन दिवसांनी, कधी तीन. म्हणूनच ताईला रविवारभर काही झालं नाही.

"पण मी अकरा वर्षं रंग लावतेय," ताई म्हणाली. हे प्रत्येक जण म्हणतं, आणि त्यातच खरी मेख आहे. ही ॲलर्जी घेऊन कुणी येत नाही, ती वापरता वापरता तयार होते. अकरा वर्षं काही झालं नाही म्हणजे बाराव्या वर्षी होणार नाही, असं नाही. डॉक्टरांनी मागचं खोदून विचारलं तेव्हा ताईला आठवलं. मागच्या मे महिन्यात एका लग्नात तिनं हातावर 'झटपट काळी मेंदी' काढून घेतली होती. आठवड्यानं नक्षीच्या रेषांवरच खाज उठली होती. लग्नाच्या जेवणावर तिनं ते ढकललं. मेंदीचं पान कधी काळा रंग देत नाही, तांबूस-केशरीच देतं. तासाभरात काळी होणाऱ्या मेंदीत बहुधा पीपीडीच घातलेलं असतं, आणि तेही केसांच्या रंगात चालतं त्याहून कितीतरी जास्त. तिथेच तिच्या शरीरानं ओळख धरली असणार.

सगळं शांत झाल्यावर दीड महिन्यानं तिच्या पाठीवर पॅच टेस्ट केली. छोट्या चकत्यांत वेगवेगळे पदार्थ. पीपीडीचं प्रमाण व्हॅसलीनसारख्या मलमात एक टक्का. दोन दिवसांनी चकत्या काढल्या, चौथ्या दिवशी पुन्हा पाहिलं. पीपीडीच्या जागी रुपयाएवढा लाल, फोड आलेला गोल. डॉक्टरांनी सांगितलं ते मला कारखान्यामुळे माहीत होतं, ताईला नव्हतं. 'पीपीडी-फ्री' लिहिलेल्या कित्येक रंगांत त्याचाच चुलतभाऊ टोल्युइन-डायअमाइन असतो, आणि एकाला चिडलेली त्वचा पुष्कळदा दुसऱ्यालाही चिडते. 'अमोनिया-फ्री'चा तर या प्रकरणाशी संबंधच नाही. अमोनिया नाकाला झोंबतो, ॲलर्जी देणारा तो नव्हे.

खोक्याच्या आतल्या कागदावर चाचणीची पद्धत होती. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, वापरायचा तसाच मिसळलेला थोडा रंग लावून सुकू द्यायचा, चोवीस तासांनी धुवायचा, बघायचं, आणि हे प्रत्येक वेळी करायचं. माझं स्वतःचं मत, चोवीस तास कमी पडतात. दोन दिवस थांबावं, कारण ही खाज उशिरा येणारी. ताईनं तो कागद उघडलाही नव्हता. "मनवानं आणलंय, व्हीगन आहे, त्याला काय टेस्ट करायची," हे तिचे शब्द. मी त्यावर काही बोलले नाही. पण असले किती कागद मी बावीस वर्षांत घडी घालून खोक्यात जाताना बघितले, ते आठवलं. मजकूर नियमाप्रमाणे बरोबर आहे ना, एवढंच मी तपासायची. अक्षराचा आकार नियमात बसतो ना, ते. पुढच्या बाजूच्या शब्दानं मागच्या बाजूचा इशारा वाचायची इच्छाच मरते का, हे तपासायचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

ताई आता निव्वळ मेंदी लावते. पांढरे केस केशरी होतात, ती वैतागते, निळीच्या पानांची पूड घालून बघते, कधी जमतं, कधी हिरवट झाक येते. मागच्या आठवड्यात आम्ही दोघी लक्ष्मी रोडवर एका दुकानात गेलो. मेंदीची पुडी मागितली तर मुलानं एक 'हर्बल काळी मेंदी' पुढे केली. पुडीवर पान, हिरवा ठिपका आणि ससा.

"काकू, एकदम व्हीगन आहे. काही होत नाही."

ताईनं पुडी उलटी केली, उजेडाकडे धरली आणि पर्समध्ये चष्मा शोधायला लागली.